जीन एक्सप्रेशनच्या थिसिसची व्हायवा: एका बारवरून किती प्रश्न निघतात आणि उत्तरं काय द्यायची

एमएस्सी बायोटेकची शेवटची सेम संपत आली की सांगलीतली चारपाच पोरं-पोरी दरवर्षी माझ्याकडे येतात, ताई आमची व्हायवा घ्या म्हणून. प्रोजेक्ट बहुतेक जीन एक्सप्रेशनचा असतो, ऊस, हळद, द्राक्ष नाहीतर ज्वारी, काहीतरी ट्रीटमेंट द्यायची, आरएनए काढायचा, रिअल टाइम पीसीआर लावायचा आणि शेवटी एक बार ग्राफ. आणि सगळ्यांची तयारी एकाच चुकीच्या बाजूने चाललेली असते, पीसीआरचा शोध कोणी लावला, डीएनएची रचना काय, सायबर ग्रीन कसं काम करतं. हे विचारतात, पण पहिली पाच मिनिटंच. त्यानंतर एक्स्टर्नल तुमच्या ग्राफवर बोट ठेवतो आणि तिथून मागे मागे जातो, ग्राफवरून गणितावर, गणितावरून प्लेटवर, प्लेटवरून आरएनएवर, शेवटी कुंडीपर्यंत. म्हणून मी प्रॅक्टिसही त्याच उलट्या क्रमाने घेते आणि इथंही तसंच लिहितेय.

उदाहरण यावर्षीच्या एका मुलीच्या विषयासारखं घेऊ. जत भागातली मालदांडी ज्वारी, म्हणजे एम ३५-१, कुंडीत लावली, निम्म्या कुंड्यांचं पाणी आठ दिवस तोडलं आणि पानात पी५सीएस या जीनचं एक्सप्रेशन मोजलं. हा जीन जे एन्झाइम बनवतो ते ग्लुटामेटपासून प्रोलीन बनवायच्या वाटेवरचं पहिलं पाऊल टाकतं, आणि पाणी कमी पडलं की बऱ्याच झाडांत प्रोलीन साठतं. तिचा ग्राफ सांगतो की दुष्काळात एक्सप्रेशन ४.९ पट वाढलं. खालचे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी गोल करून घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.

"हा ४.९ आकडा आला कुठून? फळ्यावर करून दाखव."

हा प्रश्न जवळपास नक्की येतो आणि सॉफ्टवेअरने काढला हे उत्तर चालत नाही. तीन कंट्रोल झाडांचं पी५सीएसचं सीटी २६.१, २६.३, २५.९ आणि रेफरन्स जीनचं २०.०, २०.२, २०.१. दुष्काळातल्या तीन झाडांचं पी५सीएस २४.०, २३.५, २४.५ आणि रेफरन्स २०.३, २०.२, २०.४. प्रत्येक झाडाची वजाबाकी आधी वेगळी करायची, मग सरासरी.

```
ΔCt control : 6.1, 6.1, 5.8   mean 6.0
ΔCt drought : 3.7, 3.3, 4.1   mean 3.7
ΔΔCt = 3.7 - 6.0 = -2.3
fold = 2^2.3 = 4.9
```

बोलताना असं म्हणा: "सर, सीटी म्हणजे फ्लुरोसन्स ठरवलेल्या रेषेपर्यंत पोचायला लागलेल्या सायकल. टेम्प्लेट जास्त असेल तर कमी सायकल लागतात, म्हणून सीटी कमी म्हणजे एक्सप्रेशन जास्त. प्रत्येक सायकलला प्रॉडक्ट दुप्पट होतंय असं धरलं तर २.३ सायकलचा फरक म्हणजे दोनाचा २.३ वा घात, साधारण ४.९. ही लिवाक आणि श्मिट्गेन यांची २००१ ची पद्धत आहे आणि दोन्ही जीनची एफिशियन्सी शंभर टक्क्यांच्या जवळ आहे हे तिचं गृहीतक आहे." शेवटचं वाक्य तुम्ही स्वतःहून बोललात तर पुढचा प्रश्न तिथूनच येतो, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं, हा त्यातला फायदा.

इथे एक चिमटा हमखास घेतात. प्रत्येक दुष्काळी झाडाचा फोल्ड वेगळा काढला तर ४.९, ६.५ आणि ३.७ येतात, त्यांची सरासरी ५.०५. मग तुझं ४.९ बरोबर की ५.०५? उत्तर: "मी सरासरी सीटीच्या पातळीवर घेतली, सीटी ही लॉग स्केल आहे, त्यामुळे माझा आकडा जॉमेट्रिक सरासरी आहे, आणि पटीत मोजायच्या गोष्टीला तीच योग्य." एवढं पुरे.

"एरर बार कशाचे आहेत? आणि एन किती?"

या प्रश्नाशी थोडं थांबणार आहे, कारण माझी स्वतःची व्हायवा इथेच अडकली होती. मी प्रत्येक झाडाचं सॅम्पल तीन वेलमधे लावलेलं, तीन झाडं गुणिले तीन वेल म्हणून नऊ आकडे, आणि टी-टेस्टला एन बरोबर नऊ टाकून दिला. पी व्हॅल्यू इतकी सुंदर आली की मला शंकाच आली नाही. एक्स्टर्नल मॅडमनी शांतपणे विचारलं, तू एकाच माणसाचं वजन तीनदा केलंस तर ती तीन माणसं होतात का? मला तेव्हा जे कळलं ते कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. तीन वेल म्हणजे टेक्निकल रेप्लिकेट, ते फक्त तुमचा हात आणि पिपेट किती स्थिर आहे ते सांगतात. झाडाझाडातला फरक सांगतात ती बायोलॉजिकल रेप्लिकेट. तीन वेलची सरासरी काढून एका झाडाला एकच आकडा द्यायचा आणि एन तीन.

टेस्ट लावायची ती पण डेल्टा सीटीवर, फोल्ड चेंजवर नाही, कारण फोल्डमधे कंट्रोलची सरासरी जबरदस्तीने एक होते आणि वरच्या बाजूला आकडे ताणले जातात, विखुरणं सारखं राहत नाही. आर मधे तीन ओळींचं काम आहे:

```
control <- c(6.1, 6.1, 5.8)
drought <- c(3.7, 3.3, 4.1)
t.test(drought, control)
```

यात पी ०.०१ च्या खाली येतो. आर आपोआप वेल्चची टेस्ट लावतं, म्हणजे दोन्ही गटांचं विखुरणं सारखं आहे असं धरत नाही, हे माहीत असू द्या, इथे दुष्काळी झाडांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.४ आहे आणि कंट्रोलचं ०.१७, त्यामुळे ते बरोबरच आहे. उत्तर असं: "एन तीन आहे, तीन वेगळ्या कुंड्यांतली तीन झाडं. एरर बार डेल्टा सीटीच्या स्टँडर्ड डेव्हिएशनवरून काढलेत. तीन हा आकडा लहान आहे हे मान्य आहे, फरक मोठा असल्यामुळे तो दिसला, पण दीडपट असा छोटा बदल या एनमधे मला पकडता आला नसता."

आणि जर तीनही झाडं एकाच कुंडीतली असतील तर ते आधी गाईडला सांगा आणि थिसिसमधे लिहा. एका कुंडीचं पाणी तोडलं की ट्रीटमेंट एका कुंडीला दिली, तीन झाडांना वेगवेगळी नाही. हे लपवलं आणि पकडलं गेलं तर पुढचं सगळं संशयाने ऐकलं जातं.

"रेफरन्स जीन ॲक्टिनच का घेतला?"

सगळे घेतात म्हणून, हे खरं कारण असतं आणि तेच सांगता येत नाही. रेफरन्स जीनचं काम एवढंच की कुठल्या ट्यूबमधे आरएनए जास्त पडला, कुठे सीडीएनए कमी बनलं, हा फरक वजा व्हावा. पण त्यासाठी तो जीन स्वतः ट्रीटमेंटमुळे हलता कामा नये. पाणी तोडल्यावर पानाची वाढ थांबते आणि ॲक्टिन तर पेशीच्या सांगाड्याचा भाग, म्हणजे वाढीशी जोडलेला, तो हलू शकतो. समजा दुष्काळात ॲक्टिन निम्मा झाला, म्हणजे सीटी एकाने वाढला, तर तुमचा पी५सीएस जागचा न हलताही ग्राफवर दुप्पट दिसेल. हा हिशेब एकदा कागदावर करून बघा, मग हा प्रश्न का विचारतात ते नीट समजतं.

आपल्या उदाहरणात रेफरन्सची सरासरी कंट्रोलमधे २०.१ आणि दुष्काळात २०.३, फरक ०.२ सायकल, म्हणजे साधारण १५ टक्के. उत्तर: "सर, सगळ्या सॅम्पलना १ मायक्रोग्रॅम आरएनए घेऊन सीडीएनए केलं, आणि रेफरन्सचा कच्चा सीटी दोन्ही गटांत ०.२ नेच हलला, ४.९ पट समजावून सांगायला हा फरक पुरेसा नाही. पण एकच रेफरन्स जीन ही माझ्या कामाची मर्यादा आहे. किमान दोन घ्यायला हवे होते आणि ते स्थिर आहेत का हे जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडरने आधी तपासायला हवं होतं." वेळ आणि सीडीएनए शिल्लक असेल तर व्हायवाच्या आधीच दुसरा रेफरन्स लावून घ्या, ईआयएफ४ए किंवा पीपी२ए सारखा, एका प्लेटचं काम आहे. दोन रेफरन्स असले की त्यांच्या सीटीची साधी सरासरी घेऊन ती वजा करायची.

"प्रायमरची एफिशियन्सी काढलीस का?"

नसेल काढली तर अजून काढा. सगळ्या सॅम्पलचं थोडं थोडं सीडीएनए एकत्र करायचं, दहापट दहापट असं पाच वेळा पातळ करायचं, प्रत्येकाचा सीटी काढायचा आणि लॉग डायल्यूशनसमोर रेष काढायची. उतार उणे ३.३२ आला तर एफिशियन्सी शंभर टक्के, कारण दहापट पातळ केल्यावर दोनाच्या घाताने ३.३२ सायकल उशीर व्हायलाच पाहिजे. ९० ते ११० टक्के चालतं, म्हणजे उतार साधारण उणे ३.६ ते उणे ३.१.

मग विचारतात, समजा पी५सीएसची एफिशियन्सी ९० टक्केच आहे, तर तुझं ४.९ काय होईल? तेव्हा पफाफलचं सूत्र, तेही २००१ चंच:

```
ratio = E_target^(control - drought) / E_ref^(control - drought)
      = 1.9^(26.1 - 24.0) / 2^(20.1 - 20.3)
      = 3.85 / 0.87
      = 4.4
```

म्हणजे आकडा ४.९ वरून ४.४ वर येतो, निष्कर्ष बदलत नाही. हे तोंडावर सांगता आलं की एक्स्टर्नल बहुतेक तिथून पुढे सरकतो. ११० च्या वर आली तर मात्र "जास्त चांगली" असं चुकूनही म्हणू नका, त्याचा अर्थ बऱ्याचदा दाट सॅम्पलमधे काहीतरी रिॲक्शन अडवतंय, आणि पातळ केल्यावर ती सुटतेय, त्यामुळे रेष चपटी होते.

"तुझा प्रायमर नक्की कोणता जीन पकडतो?"

ज्वारीत पी५सीएसचे दोन जीन आहेत, एक आणि दोन, आणि त्यांचे सिक्वेन्स एकमेकांसारखे आहेत. थिसिसमधे नुसतं पी५सीएस लिहिलेलं असलं की हा प्रश्न आलाच. मेल्ट कर्व्हला एकच पीक आहे हे उत्तर अर्धंच आहे. एक पीक म्हणजे एकाच टीएमचं प्रॉडक्ट, दोन जवळच्या जीनची प्रॉडक्ट सारख्याच टीएमला वितळू शकतात. पूर्ण उत्तर: "प्रायमर मी दोन्ही जीनचे सिक्वेन्स शेजारी ठेवून जिथे वेगळे आहेत तिथे डिझाइन केला, थ्री प्राइम टोकाला फरक येईल असा, प्रायमर ब्लास्टमधे एकच हिट आला, मेल्ट कर्व्हला एक पीक आणि जेलवर अपेक्षित लांबीचा एकच बँड. सिक्वेन्सिंग केलेलं नाही." जर तुम्ही एखाद्या पेपरमधून प्रायमर उचललेला असेल तर आज रात्री ब्लास्ट करून बघा, तो दोन्ही पकडत असेल तर थिसिसमधे तसं लिहा, दोन्हींची मिळून पातळी मोजली म्हणून, त्यात काही वाईट नाही.

याला जोडून अजून एक येतं. ज्वारीचा जीनोम २००९ साली प्रसिद्ध झाला तो बीटीएक्स६२३ या जातीचा, तुमचं पीक मालदांडी. प्रायमरच्या टोकाखाली एखादा बेस वेगळा असेल तर एफिशियन्सी पडते, म्हणूनच स्टँडर्ड कर्व्ह मालदांडीच्याच सीडीएनएवर काढायचा. उत्तर एवढंच.

कंट्रोल वेलचे प्रश्न पटकन उरकतात, पण आकड्यासकट उत्तर हवं. टेम्प्लेट नसलेल्या वेलमधे ३७ ला सीटी आला? "मेल्ट पीक खालच्या तापमानाला आहे, म्हणजे प्रायमर डायमर, आणि सॅम्पलपासून दहापेक्षा जास्त सायकल लांब आहे." रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेल्या वेलमधे ३३ आला आणि सॅम्पल २६ ला? सात सायकल म्हणजे १२८ पट, त्या सिग्नलमधला जीनोमिक डीएनएचा वाटा एक टक्क्याच्या आत. हाच फरक दोनतीन सायकलचा असता तर डीएनेज पुन्हा करावं लागलं असतं. ही वेल लावलीच नसेल तर डीएनेज केलं होतं आणि प्रायमर दोन एक्झॉनच्या जोडावर आहे का, ते सांगा, आणि वेल लावली नाही हेही सांगा.

"२६०/२३० एक पॉइंट दोन? आणि तरी पुढे गेलास?"

एक्स्टर्नल ॲनेक्शर उघडतो तो या टेबलसाठी. आरएनएसाठी २६०/२८० दोनच्या आसपास असलं की बहुतेक सगळे खूश होतात आणि शेजारचा रकाना बघतच नाहीत. २६०/२३० साधारण दोन ते २.२ हवं. ते पडलं म्हणजे ट्रायझॉलमधलं ग्वानिडीन किंवा फिनॉल मागे राहिलंय, किंवा पानातले पॉलिसॅकराइड. पाण्याचा ताण बसलेल्या पानात विरघळणारी साखर वाढलेली असते, त्यामुळे कंट्रोलची सॅम्पल स्वच्छ आणि दुष्काळाची घाण असं होऊ शकतं, आणि हेच धोक्याचं आहे, कारण मग रिॲक्शन एकाच गटात अडेल आणि तो फरक तुम्ही जीनचा फरक म्हणून छापाल.

तपासायची पद्धत सोपी आहे. त्या सॅम्पलचं सीडीएनए दहापट पातळ करून लावा. सीटी ३.३ च्या आसपास वाढला तर अडथळा नाही. दोनच सायकल वाढला तर आधीच्या दाट वेलमधे काहीतरी अडत होतं. उत्तर: "२६०/२३० कमी होतं, म्हणून मी डायल्यूशन टेस्ट केली, दोन्ही गटांत ३.३ च्या जवळ फरक आला, म्हणून पुढे गेलो." टेस्ट केली नसेल तर फ्रीजरमधलं सीडीएनए अजून टाकू नका, हे मी दरवर्षी सांगते.

सॅम्पल साठवणं पण इथेच येतं. आपल्याकडे लिक्विड नायट्रोजन मिळवणं हाच एक प्रोजेक्ट असतो, एका मुलाने गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांच्या कृत्रिम रेतनाच्या कॅनमधून थोडं मागून आणलं होतं आणि पान जागेवरच गोठवलं, मला फार आवडलं ते. पान तोडल्यावर बर्फावर ठेवून दीड तास एसटीने कॉलेजला आणलं असेल तर त्या दीड तासात पान जिवंतच असतं, तोडल्याचा आणि सुकण्याचा ताण त्यालाही कळतो, कंट्रोललासुद्धा. तसं केलं असेल तर निदान दोन्ही गटांना सारखाच वेळ लागला हे वेळेसकट दाखवा.

"दुष्काळ होता हे कशावरून?"

आता कुंडीपर्यंत आलो. पाणी तोडलं हे तुम्ही केलेलं काम झालं, झाडाला ताण बसला हा मोजायचा भाग. रिलेटिव्ह वॉटर कंटेंट काढलेलं असलं पाहिजे. दुष्काळी पानाचं ताजं वजन ०.४२ ग्रॅम, पाण्यात भिजवून पूर्ण फुगल्यावर ०.६२, वाळवल्यावर ०.१२. तर ताजं वजा वाळलेलं ०.३०, फुगलेलं वजा वाळलेलं ०.५०, भागाकार ६० टक्के. कंट्रोलचं असंच ९० आलं. "आठ दिवस" यापेक्षा "पानातलं पाणी ९० वरून ६० वर" हे उत्तर कितीतरी भक्कम, कारण आठ दिवस मार्चमधे आणि आठ दिवस डिसेंबरमधे सारखे नसतात, माती कुठली त्यावरही जातं, जतच्या मुरमाड रानातली माती आणि कृष्णाकाठची काळी यांत पाणी किती दिवस टिकतं ते तुमच्या घरच्यांना विचारा.

वेळ पण विचारतात. सॅम्पल किती वाजता घेतली? अरॅबिडॉप्सिसमधे प्रोलीनचे जीन उजेड-अंधारावर बदलतात हे माहीत आहे, त्यामुळे कंट्रोल सकाळी नऊला आणि दुष्काळ दुपारी दोनला घेतला असेल तर तुलना कशाची केली हा प्रश्न उरतो. दोन्ही गट आलटून पालटून एकाच तासात, वरून पूर्ण उघडलेलं एकाच क्रमांकाचं पान, असं असेल तर तसं सांगा.

"मग मालदांडी दुष्काळ सोसते ती या जीनमुळे?"

हा शेवटचा सापळा, आणि चांगली चांगली पोरं इथे हो म्हणून बसतात, कारण आपल्या भागात मालदांडी थोड्या ओलीवर येते हे लहानपणापासून बघितलेलं असतं, मनातून ते खरंच वाटतं. पण प्रयोग काय म्हणतो? एक जात, एक ताण, एक दिवस, एक पान. दुसरी, ताण न सोसणारी जात शेजारी लावलेली नाही. तिच्यातही जीन पाचपट वाढला असता तर मालदांडीचं वेगळेपण याच्याने सांगता आलं नसतं. शिवाय आपण मोजला एमआरएनए, प्रोटीन नाही. पी५सीएस एन्झाइमला प्रोलीन स्वतःच मागून ब्रेक लावतं, आणि प्रोलीन मोडणारं प्रोलीन डिहायड्रोजनेज वेगळंच, त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट पाचपट म्हणजे प्रोलीन पाचपट असं होत नाही.

उत्तर असं द्या: "मॅडम, माझ्या डेटावरून एवढंच म्हणता येतं की या परिस्थितीत, पानातलं पाणी ६० टक्क्यांवर आल्यावर, मालदांडीच्या पानात पी५सीएसचं ट्रान्सक्रिप्ट साधारण ४.९ पट होतं. हे ताणाला दिलेलं उत्तर आहे. त्यामुळे झाड ताण सोसतं असं म्हणायला ताण न सोसणारी जात, दोनतीन दिवसांची सॅम्पल आणि त्याच पानातलं प्रोलीन मोजावं लागेल." प्रोलीन निनहायड्रिनने मोजता येतं, टोल्युइनमधे काढून ५२० नॅनोमीटरला रीडिंग, कॉलेजच्या साध्या स्पेक्ट्रोवर होतं, त्याच पानांची पावडर उणे ऐंशीला उरली असेल तर व्हायवाच्या आधी दोन दिवसांत करून घ्या. वाढलं तर एक ओळ जास्त लिहाल, नाही वाढलं तर ते का, याची कारणं वर आलीच आहेत.

जाताना लॅपटॉपवर प्लेटची कच्ची फाइल, ॲम्प्लिफिकेशन कर्व्ह आणि मेल्ट कर्व्ह उघडतील अशी ठेवा, नुसती एक्सेल नको. मागच्या वर्षी एकीला सरांनी तिसऱ्या झाडाचा कर्व्हच दाखव म्हटलं, आणि मशीनचं सॉफ्टवेअर फक्त लॅबच्या कॉम्प्युटरवर होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना प्रत्येक प्लेटच्या कर्व्हचे स्क्रीनशॉट काढून, वेलच्या नकाशासकट प्रिंट करून फाइलला लावायला सांगते.